चातुर्मासाचा भजनवर्ग : पवनारच्या पालकांस एक पत्र

धाम नदीला आषाढाचे गढूळ पाणी आले, म्हणजे पवनारात आमच्या बालभजनवर्गाचे दिवस आले असे समजावे. आषाढ शुद्ध एकादशीस वर्ग सुरू होतो आणि कार्तिक शुद्ध एकादशीस संपतो. वर्गाच्या आरंभी पालकांस एक पत्र धाडण्याची आमची रीत आहे. मुले चार महिने काय शिकणार, कोणत्या क्रमाने शिकणार आणि घरच्या मंडळींनी काय करावे व काय करू नये, हे त्यात लिहिलेले असते. यंदाचे पत्र थोडे लांबले. त्यातील मजकूर केवळ आमच्याच गावापुरता नाही, असे काही स्नेह्यांनी सुचविल्यावरून आजच्या एकादशीच्या निमित्ताने ते येथे देत आहोत.

पालकहो,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

यंदाच्या वर्गासाठी आपण आपली मुले आमच्या स्वाधीन केली आहेत. आठवड्यातून दोन दिवस, दर खेपेस पाऊण तास, असा हा वर्ग आहे. चातुर्मासाचे आठवडे सुमारे सतरा. त्यांतून पोळा, गणपती, महालक्ष्म्या आणि दिवाळीच्या सुट्ट्या वजा केल्या, तर हाती अठ्ठावीस-तीस बैठकी उरतात. एवढ्या अवधीत मुलांनी वीस-पंचवीस भजने पाठ करावीत, अशी काही पालकांची अपेक्षा असते. आम्ही मात्र गीताईतील स्थितप्रज्ञाची लक्षणे, दोन अभंग आणि खंजिरीवरचे एक भजन, एवढेच शिकविणार आहोत. हे इतके थोडे का, हे सांगण्यासाठीच हे पत्र आहे. त्यामागे आमच्या हातून घडलेली एक चूकही आहे, तीही आपल्यापासून लपवून ठेवणे बरे नव्हे.

सुमारे तीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी आम्ही गोकुळाष्टमीसाठी मुलांचा एक मेळा बसविला होता. त्यात नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती. तिचा आवाज इतरांशी जुळत नसे. कार्यक्रमास चार दिवस राहिले, तेव्हा आम्ही तिला जवळ बोलावून सांगितले, "तू उभी राहा, पण नुसते ओठ हलव." कार्यक्रम उत्तम झाला आणि ती गोष्ट आम्ही विसरून गेलो. गतवर्षी एक बाई आपल्या मुलास घेऊन वर्गात आल्या. मुलाचे नाव नोंदवून झाल्यावर त्या जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, याले नुसते ओठ हलवाले सांगू नका." ती मुलगी हीच, हे तेव्हा आमच्या ध्यानी आले. त्या दिवसापासून घरच्या आरतीतदेखील आपण आवाज काढीत नाही, असे त्यांनी पुढे कधीतरी सहज सांगितले. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. आमच्या मनाला मात्र ते लागून राहिले.

तो मुलगाही इतरांपेक्षा वेगळाच गात असे. वर्गाचा षड्ज आम्ही तेव्हा पेटीच्या पांढरी दोनवर धरला होता. बहुतेक मुले तेथे 'सा' लावीत आणि हा मुलगा कुठे तरी खाली घुमत राही. जुनी सवय अशी, की अशा मुलाला 'बेसूर' म्हणावे आणि मागच्या रांगेत बसवावे. या खेपेस आम्ही वर्ग संपल्यावर त्यास थांबवून घेतले, पेटी बंद ठेवली आणि त्याला हवा तो स्वर लांबवून गावयास सांगितले. तो गात असतानाच पेटीवर त्याचा स्वर शोधला, तो निघाला खालच्या सप्तकातील पांढरी सहा. पांढरी दोन हा 'सा' धरला, तर त्याच्या खालचा पंचम नेमका तेथे येतो. म्हणजे मुलगा भलतीकडे भटकत नव्हता. वर्गाच्या षड्जाशी जुळणाऱ्या पंचमावरच तो पुन्हा पुन्हा जाऊन बसत होता. ज्याच्या कानाला काहीच कळत नाही, त्याचा स्वर दर वेळी असा एकाच ठिकाणी येऊन थांबला नसता.

मग अडचण कोठे होती? मुले बोलताना जो आवाज वापरतात, तो ठेवणीने खालचा आणि जड असतो. गाण्यास लागणारा हलका, वरचा आवाज त्याहून निराळा आहे. काही मुलांना तो आपोआप सापडतो, काहींना तो कोणी दाखवून द्यावा लागतो. हा मुलगा बोलण्याच्याच आवाजात गाऊ पाहत होता आणि त्या आवाजाची कमाल मर्यादा वर्गाच्या षड्जाच्या खालीच संपत होती. 'जोर लाव' असे सांगितले, की अशी मुले स्वर चढविण्याऐवजी ओरडू लागतात. ओरडल्याने आवाज मोठा होतो, उंच होत नाही.

आम्ही तीन गोष्टी केल्या. पहिली ही, की त्याला आमच्या स्वराकडे ओढण्याऐवजी आम्हीच त्याच्या स्वराकडे गेलो. पांढरी सहा हाच षड्ज धरून गीताईचा एक श्लोक म्हणविला, तो त्याने बिनचूक म्हटला. आपण बरोबर गात आहोत, हे त्याच्या कानाने प्रथमच ऐकले असावे. दुसरी गोष्ट, त्याचा वरचा आवाज शोधणे. धामेच्या या काठावरून पलीकडच्या माणसाला हाक मारताना आपण 'ओऽऽ' असा स्वर काढतो, तो आपोआप उंच आणि मोकळा येतो. त्याला तशी हाक मारावयास लावली, ती थेट वर गेली. "हाच तुझा गाण्याचा आवाज," असे सांगून त्या हाकेवरून घसरत घसरत खाली षड्जावर उतरावयास शिकविले. तिसरी गोष्ट, दर पंधरवड्यास पेटीची एकेक पट्टी चढविणे. पांढरी सहावरून काळी पाच, मग पांढरी सात, मग वरच्या सप्तकातील पांढरी एक, काळी एक, आणि शेवटी पांढरी दोन, अशा या पाच पायऱ्या. दसऱ्याच्या सुमारास तो इतर मुलांच्या षड्जावर आला. अभंगाच्या अंतऱ्यातील तार षड्ज मात्र त्यास कार्तिकी एकादशीपर्यंतही लागला नाही. तेथे त्याचा आवाज फाटे आणि पुढच्या ओळीला तो पुन्हा सर्वांत मिसळे. एका चातुर्मासात एवढेच व्हावयाचे होते.

या अनुभवावरून यंदा वर्गाची रचनाच आम्ही बदलली आहे. आरंभीचा षड्ज आता काळी पाचवर, म्हणजे पूर्वीपेक्षा चार पट्ट्या खाली राहील आणि दिवाळीपर्यंत तो सावकाश काळी एकपर्यंत चढविला जाईल. पेटी षड्ज देण्यापुरतीच वाजेल आणि मुले गाऊ लागली की थांबेल, कारण पेटीच्या गजरात मुलाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि जे ऐकू येत नाही ते सुधारता येत नाही. आणखी एक बदल आपणास कदाचित चमत्कारिक वाटेल. नवीन ओळ आम्ही स्वतः गाऊन दाखविणार नाही, वर्गातील एखादी मोठी मुलगी ती गाईल. पुरुषाचा आवाज मुलांच्या आवाजाहून एक सप्तक खाली असतो. शिक्षक गाऊ लागला, की लहान मुले त्याच खालच्या आवाजाची नक्कल करू पाहतात आणि त्यांचा स्वर हरवतो. मुलीचा किंवा आईचा स्वर त्यांना सहज उचलता येतो. यास्तव घरी सराव घ्यावयाचा, तर तो आईने किंवा ताईने घ्यावा. नामवंत पुरुष गायकांची अभंगवाणी मुलांनी अवश्य ऐकावी, पण मोबाइलवर ती लावून तिच्याबरोबर गाऊ नये.

पहिले पाच आठवडे गीताई. हे गाव विनोबाजींचे. १९३८ साली ते येथे धामेच्या काठी येऊन राहिले, येथेच १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली आणि येथेच १९८२ साली त्यांनी देह ठेवला. त्यांच्या मातोश्रींना संस्कृत गीता कळेना आणि सोप्या मराठीत गीता मिळेना. त्या उणिवेतून जन्मलेली गीताई आपणा सर्वांच्या घरी असेलच. परंतु आम्ही ती प्रथम घेतो, याचे कारण गावाच्या अभिमानाहून निराळे आहे. गीताई समश्लोकी आहे. मूळच्या आठ अक्षरी चरणांना मराठीतही तसाच आटोपशीर चरण दिला आहे. दोन चरण, म्हणजे सोळा अक्षरे, आठ वर्षांच्या मुलालाही एका श्वासात पेलतात. चालही तीन-चार स्वरांतच फिरते. ज्याचा आवाज अजून उघडला नाही, असे मूलही तेवढ्या जागेत सर्वांच्या बरोबर राहू शकते.

दुसऱ्या अध्यायाच्या अखेरचे, अर्जुनाच्या प्रश्नापासूनचे एकोणीस श्लोक आम्ही घेणार आहोत. त्यातील सतराव्या श्लोकाशी, जेथे समुद्राची उपमा येते तेथे, मुले दरवर्षी अडखळतात. पाठांतर कच्चे राहिले म्हणून असे होते, असा समज करून घेऊ नये. मुळात त्या एकाच श्लोकाचे वृत्त बदलते, चरण आठाऐवजी अकरा अक्षरांचा होतो, आणि गीताईतही ओळ तशीच लांबते. सोळा श्लोकांची सवय झालेला श्वास तेथे मध्येच संपतो. म्हणून तो श्लोक आम्ही वेगळा काढून, श्वासाची जागा ठरवून, आधीच शिकवितो. घरी मूल तेथे थांबले, तर त्याला रागावू नये, "श्वास कोठे घ्यावयाचा ठरला आहे?" एवढेच विचारावे.

त्यानंतर अभंग. येथे स्वरापेक्षा लयीची परीक्षा अधिक. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे असतात, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते आणि चौथा चरण आखूड राहतो. भजनी ठेका आठ मात्रांचा. सहा अक्षरे त्यात ऐसपैस बसतात, चार अक्षरे मात्र लवकर संपतात आणि मात्रा उरतात. त्या उरलेल्या मात्रांत शेवटचे अक्षर धरून ठेवावयाचे किंवा टाळ ऐकत स्वस्थ राहावयाचे असते. मुलांना नेमके हेच जमत नाही. शब्द संपले, की ती पुढच्या ओळीवर उडी घेतात. प्रत्येक कडव्याला अशी अर्धी-पाव मात्रा खाल्ली जाते आणि शेवटच्या कडव्यापर्यंत अभंग धावू लागतो. ऐकणाऱ्याला वाटते, मुले रंगात आली. वास्तविक ती लय गमावून बसलेली असतात.

हे घरी ओळखण्याची रीत सोपी आहे. मूल अभंग म्हणत असताना घड्याळाकडे पाहून पहिल्या कडव्यास किती वेळ लागला ते पाहावे आणि मग शेवटच्या कडव्याचा वेळ पाहावा. पहिल्यास तीस सेकंद आणि शेवटच्यास बावीस लागले, तर मूल धावले असे समजावे. उपायही सोपाच. ओळ म्हणताना टाळी द्यावी आणि शब्द संपल्यावर टाळी चालू ठेवून उरलेल्या मात्रा मनात मोजाव्या. टाळ मात्र पहिल्या महिन्यात मुलाच्या हाती देऊ नये. हाती टाळ आला, की मूल टाळ ऐकणे सोडून तो वाजविण्याच्या नादी लागते.

शेवटचे पाच-सहा आठवडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे एक भजन. महाराजांची खंजिरी आपल्या वऱ्हाडात व नागपूर-वर्ध्याकडे कोणाला ठाऊक नाही? गुरुकुंज मोझरीच्या परंपरेत मुख्य गायकाने ओळ म्हणावी आणि समुदायाने ती झेलावी, अशी पद्धत आहे. कच्च्या आवाजाच्या मुलाला या पद्धतीचा फार मोठा उपयोग होतो. ओळ प्रथम ऐकावयास मिळते, मग गावयाची असते. ऐकणे आणि गाणे या दोहोंच्या मध्ये जो क्षणभराचा अवकाश मिळतो, त्यात मूल स्वर मनात लावून घेते. एकदम सर्वांबरोबर सुरुवात करण्यात तो अवकाश मिळत नाही. म्हणूनच, ऐकण्यास सर्वांत सोपे वाटणारे हे भजन आम्ही शेवटी ठेवले आहे. तोवर मुलांचे कान तयार झालेले असतात आणि त्या कानांना आता मुख्य गायक होऊन पाहण्याचीही संधी द्यावयाची असते. प्रत्येक मूल निदान एक ओळ एकट्याने म्हणेल आणि बाकीची मुले ती झेलतील.

सर्वांनी मिळून गावयाचे, ही गोष्ट गळ्यात गाणे असलेल्यांपुरतीच राखून ठेवावी काय, हा प्रश्न आमच्या आधी थोरांपुढेही उभा राहिलेला आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात संगीत शिकवीत. आश्रम भजनावलीचे संकलन त्यांचेच. १९३० च्या दांडीयात्रेतही ते चालले. मैफलीचे गाणे शिकलेल्या या माणसाने विणकर, शिक्षक, स्वयंपाकी, मुले, ज्यांनी जन्मात स्वर लावला नव्हता अशांच्या प्रार्थनेसाठी आपली विद्या वेचली. प्रार्थनेत श्रोता असा कोणी नसतोच, सगळेच गाणारे असतात. तेथे एकाला ओठ हलवावयास सांगणे म्हणजे त्याला प्रार्थनेतून उठविणे होय. आमची तीस वर्षांपूर्वीची चूक संगीतातील नव्हती, ती या ठिकाणची होती, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

याचा अर्थ, देवाचे गाणे कसेही गायिले तरी चालते, असा मात्र कृपा करून घेऊ नये. तेही आम्ही अनेकदा ऐकतो. भाव शुद्ध असावा हे खरेच, पण शेजारच्याचा स्वर ऐकून आपला स्वर त्यात मिळविणे, हीदेखील भावाचीच खूण आहे. सर्वांत मोठ्याने गाणारे मूल सर्वांत भाविक, असे मानून पालक त्याचे कौतुक करतात. आम्ही त्यास शेजारच्याचा आवाज ऐकू येईल इतके हळू गावयास सांगतो.

मोठ्याने ओरडण्यात आणखीही एक धोका आहे. गणेशोत्सवात मुले दहा दिवस घसा ताणतात आणि आवाज बसवून घेतात. सर्दीपडशाने बसलेला आवाज आठ-पंधरा दिवसांत सुटतो. तो तीन आठवड्यांनंतरही घोगरा राहिला, तर खडीसाखर, ज्येष्ठमध यांवर विसंबून न राहता घशाच्या डॉक्टरांस दाखवावे. सतत ओरडण्याने स्वरतंतूंवर लहान गाठी येतात आणि मुलांत त्या बहुधा विश्रांतीने व आवाजाची सवय बदलल्याने जातात. बसलेल्या आवाजाच्या मुलास वर्गात अवश्य पाठवावे, ते गाणार नाही, ऐकेल आणि टाळी धरेल. तसेच बारा ते चौदा वर्षांच्या मुलग्यांचे. त्यांचा आवाज फुटत असतो आणि काल लागलेला स्वर आज लागत नाही. त्यांना वरच्या स्वरासाठी झटावयास लावू नये. त्यांनी एक सप्तक खाली गावे, किंवा तेवढे महिने मृदंगावर बसावे. घरात त्यांच्या आवाजाची थट्टा होऊ नये, ही विशेष विनंती. याच वयात मुलगे गाणे सोडतात, आणि एकदा सोडलेले गाणे पुढे बहुधा सुटलेलेच राहते.

आता कार्तिकी एकादशीच्या कार्यक्रमाविषयी. ध्वनिक्षेपक लावणार नाही. व्यासपीठ नाही, क्रमांक नाहीत, बक्षिसे नाहीत. मुले जमिनीवर अर्धवर्तुळात बसतील आणि आपणही त्यांच्यासमोर जमिनीवरच बसावयाचे आहे. एकोणीस श्लोक, दोन अभंग, एक खंजिरी-भजन, एवढ्यास पाऊण तास पुरेल. भजनाच्या वेळी ओळ झेलण्याचे काम मुलांबरोबर आपणा सर्वांचेही आहे. आपले मूल जेव्हा एकट्याने ओळ म्हणेल, तेव्हा कदाचित तिचा स्वर थोडा खाली राहील. त्या वेळी एकमेकांकडे पाहून हसू नये. ती ओळ उचलावी आणि पुरी करावी.

गतवर्षीच्या त्या मुलाने आपली ओळ म्हटली, तेव्हा समोरच्या मंडळींत त्याची आई बसली होती. सर्वांनी ओळ झेलली. त्यात तिचा आवाज होता की नव्हता, हे आम्हांस एवढ्या आवाजांतून कळले नाही, आणि विचारण्याचा अधिकार आमचा नव्हता. यंदा मुलाचे नाव नोंदविण्यास त्या पुन्हा आल्या होत्या. घरचा सराव आईने घ्यावा, असे आम्ही त्यांनाही सांगितले आहे. "मले येते का पाहतो, गुरुजी," असे त्या म्हणाल्या.

मुलासोबत एक वही आणि पिण्याचे पाणी धाडावे. वर्गाची वेळ सायंकाळी साडेपाचची, ती पाळावी. कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
भजनवर्गाचा शिक्षक
पवनार, आषाढ शुद्ध एकादशी